रंग, वार आणि माप: एकाच साडीच्या अनेक पानांची शीर्षके आणि कॅनॉनिकल टॅग

बेळगावच्या शहापूर, वडगाव, खडेबाजार या भागांतला किंवा निपाणी, खानापूर, चिकोडीकडचा एखादा कापड दुकानदार स्वतःचे संकेतस्थळ सुरू करतो, तेव्हा पहिली अडचण बहुधा साडीच्या प्रकारांची येते. साडी एकच असते, पण ती चार रंगांत, दोन लांब्यांत आणि सोबतच्या ब्लाउजच्या पाच मापांत मिळते. दुकानात हे सारे एका गठ्ठ्यात मावते. संकेतस्थळावर मात्र प्रत्येक निवडीचा वेगळा पत्ता तयार होऊ शकतो आणि गूगलला एका साडीऐवजी जवळजवळ सारखी दिसणारी कितीतरी पाने सापडतात. यांपैकी कोणत्या पानांना स्वतःचे शीर्षक द्यावे, कोणती पाने मुख्य पानाकडे वळवावीत आणि ते कॅनॉनिकल टॅगने, म्हणजे पानाचा मुख्य पत्ता गूगलला सांगणाऱ्या कोडच्या एका ओळीने, कसे करावे, हे या लेखात एकाच उदाहरणावरून पाहू.

उदाहरण इरकल साडीचे घेऊ. बागलकोट जिल्ह्यातल्या इलकल गावच्या नावाने ओळखली जाणारी ही साडी सीमाभागातल्या मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या नेसली जाते, आणि तिच्यावर खणाचे ब्लाउज घालण्याची पद्धतही जुनीच आहे. समजा, एका दुकानाकडे ती काळ्या, हिरव्या, जांभळ्या आणि डाळिंबी रंगांत आहे. सहावारी आणि नऊवारी अशा दोन लांब्यांत आहे. आणि सोबत शिवलेले खणाचे ब्लाउज ३४, ३६, ३८, ४० आणि ४२ या मापांत मिळते.

आधी पत्ते मोजा

चार रंग, दोन लांब्या आणि पाच मापे यांचा गुणाकार केला की विकायच्या वस्तू ४० होतात. पण पत्ते एवढ्यावर थांबत नाहीत. ग्राहकाने नुसता रंग निवडला, लांबी आणि माप निवडलेच नाही, तरी बऱ्याच संकेतस्थळांवर पत्ता बदलतो. ‘काहीच निवडले नाही’ हीसुद्धा प्रत्येक बाबतीत एक शक्यता धरली, तर पाच गुणिले तीन गुणिले सहा, म्हणजे ९० पत्ते होतात. त्यातला एखादा पत्ता असा दिसतो:

```
https://example.com/saree/irkal?var=6&rang=kala&blouse=38
```

प्रश्नचिन्हापुढच्या भागांचा क्रम बदलला, म्हणजे आधी ब्लाउज आणि मग रंग असा दुवा कुठे तयार झाला, तर तोही गूगलच्या दृष्टीने आणखी एक वेगळा पत्ता असतो. म्हणून पहिले काम हे, की आपल्या संकेतस्थळावर रंग, लांबी आणि माप एकामागून एक बदलून पाहावे आणि ब्राउझरच्या पत्तापट्टीत काय बदलते ते कागदावर उतरवून घ्यावे. पत्ता अजिबात बदलत नसेल, किंवा फक्त `#` या चिन्हापुढचा भाग बदलत असेल, तर गूगल ते सर्वसाधारणपणे एकच पान मानते आणि दुबार पानांचा प्रश्न उभा राहत नाही. मात्र अशा ठिकाणी कोणत्याही रंगाला स्वतंत्र पान म्हणून शोधात आणता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

सारखी पाने सापडली की गूगल त्यांचा एक गट करते, त्यातले एक पान प्रतिनिधी म्हणून निवडते आणि शोधाच्या निकालांत बहुतेक वेळा तेवढेच दाखवते. दुबार पाने असल्याबद्दल शिक्षा होते ही समजूत चुकीची आहे. नुकसान होते ते वेगळ्या प्रकारे. आपण काहीच सांगितले नाही, तर प्रतिनिधी कोण हे गूगल स्वतः ठरवते, आणि ते पान कदाचित डाळिंबी साडी आणि ४२ मापाचे ब्लाउज असे, शिल्लक संपलेले पान असू शकते. शिवाय बाहेरून आलेले दुवे निरनिराळ्या पत्त्यांवर पसरतात आणि गूगलचा फेरा अनावश्यक पानांवर खर्च होतो, त्यामुळे नव्या साड्यांकडे लक्ष उशिरा जाऊ शकते.

कोणत्या प्रकाराला स्वतःचे पान द्यायचे

नवे दुकानदार बहुतेक वेळा उलट्या बाजूने सुरुवात करतात. ते चाळीस शीर्षके लिहितात आणि मग कॅनॉनिकल टॅगचा विचार करतात. ज्या पानाचा कॅनॉनिकल दुसऱ्या पानाकडे आहे, त्याचे शीर्षक शोधात सहसा दिसतच नाही, कारण त्या पानाऐवजी मुख्य पान दाखवले जाते. म्हणून आधी पाने ठरवावीत, नंतर टॅग लावावेत आणि शीर्षके सर्वांत शेवटी लिहावीत, असे माझे ठाम मत आहे.

पाने ठरवताना एकच प्रश्न विचारावा: ग्राहक हा प्रकार त्याच्या नावाने शोधतो का? ब्लाउजच्या मापाचे उत्तर सोपे आहे. ‘३८ मापाच्या ब्लाउजची इरकल साडी’ असे शोधणारा ग्राहक विरळा. माप तो पानावर आल्यावर निवडतो. म्हणून मापाला कधीही स्वतंत्र पान देऊ नये.

लांबीची गोष्ट निराळी आहे. इतर मालात लांबी म्हणजे केवळ एक माप असते, पण सहावारी आणि नऊवारी नेसणाऱ्यांची गरज, प्रसंग आणि किंमतही वेगळी असते. नऊवारी शोधणारी स्त्री ‘नऊवारी’ हा शब्द टाकतेच आणि सहावारीच्या पानावर पोहोचली तर परत फिरते. म्हणून या दोन लांब्यांना दोन स्वतंत्र पाने द्यावीत. तयार प्रणालीत लांबी हा ‘साइज’ या रकान्यात बसतो म्हणून तिला मापासारखे वागवणे ही मराठी ग्राहकाच्या बाबतीत मोठी चूक ठरते.

रंगाचे उत्तर रंगागणिक बदलते. संक्रांतीला काळी साडी नेसण्याची आपली रीत असल्यामुळे डिसेंबर-जानेवारीत काळ्या साडीचा शोध स्वतंत्रपणे घेतला जातो; जांभळ्या किंवा डाळिंबी इरकलला असे निमित्त नाही. हिरव्या साडीची लग्नकार्यात मागणी असते, पण लग्नासाठी इरकल शोधणाऱ्या बायका आपल्या दुकानाकडे येतात का, हे अंदाजाने ठरवू नये. आपले संकेतस्थळ शोधात कसे दिसते हे दाखवणाऱ्या गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये `Performance` या विभागात जाऊन शोधशब्दांवर ‘काळी’, ‘kali’, ‘black’, ‘हिरवी’, ‘green’ अशी चाळणी लावून पाहावी. दुकानाच्या व्हॉट्सअॅपवर ग्राहक कोणता रंग नाव घेऊन विचारतात, हेही तितकेच उपयोगी आहे, विशेषतः संकेतस्थळ नवे असून सर्च कन्सोलमध्ये अजून पुरेशी माहिती साचलेली नसते तेव्हा.

आपल्या उदाहरणात समजा काळ्या सहावारीची मागणी स्पष्ट दिसली आणि हिरव्याची दिसली नाही. मग ९० पत्त्यांतून शोधात यावीत अशी पाने तीनच उरतात: सहावारी, नऊवारी आणि काळी सहावारी.

```
https://example.com/saree/irkal-sahavari
https://example.com/saree/irkal-nauvari
https://example.com/saree/irkal-sahavari-kali
```

कॅनॉनिकल टॅग लावणे

कॅनॉनिकल टॅग गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी २००९ साली एकत्रितपणे आणला. तो पानाच्या `<head>` भागात लिहिलेली एक ओळ असतो आणि ‘या मजकुराचा मुख्य पत्ता हा आहे’ एवढेच सांगतो. ग्राहकाला त्याचा काहीही परिणाम जाणवत नाही. तो हिरव्या रंगाच्याच पत्त्यावर राहतो आणि तिथूनच खरेदी करतो. हिरवी, जांभळी आणि डाळिंबी सहावारी, त्यांची सर्व ब्लाउज मापे आणि स्वतः सहावारीचे मुख्य पान, या सर्वांवर हीच ओळ असावी:

```
<link rel="canonical" href="https://example.com/saree/irkal-sahavari">
```

मुख्य पानाने स्वतःकडेच बोट दाखवणे निरर्थक वाटले, तरी ते करावे. व्हॉट्सअॅपवरून किंवा जाहिरातीतून येणाऱ्या दुव्यांना मागे प्रश्नचिन्हापासूनची जादा शेपटी जोडलेली असू शकते, आणि त्या शेपटीसह उघडलेले पानही मग योग्य पत्ता सांगते.

काळ्या सहावारीच्या पानाचा कॅनॉनिकल स्वतःकडे असतो. त्या पानावर ३८ माप निवडल्यावर तयार होणाऱ्या पत्त्याचा कॅनॉनिकल काळ्या पानाकडे असावा, सहावारीच्या मुख्य पानाकडे नव्हे. तसेच टॅगची साखळी होऊ देऊ नये. एक पान दुसऱ्याकडे आणि दुसरे तिसऱ्याकडे बोट दाखवत असेल, तर गूगलला अंतिम पान कोणते हे नीट कळेलच असे नाही. प्रत्येक पानाने थेट अंतिम पत्ता सांगावा, तो `https` पासून पूर्ण लिहावा आणि एका पानावर ही ओळ एकदाच असावी.

ही ओळ `<head>` मध्येच असावी लागते, आणि इथे एक अडचण नकळत येते. एखाद्या मोजणीच्या किंवा जाहिरातीच्या तुकड्यामुळे `<head>` मध्ये `<img>` किंवा `<div>` शिरला, तर तिथेच `<head>` संपला असे धरले जाते आणि त्याखाली असलेला कॅनॉनिकल गणला जात नाही. म्हणून ही ओळ `<head>` मध्ये जितकी वर ठेवता येईल तितकी ठेवावी. रंगावर टिचकी मारल्यावर जावास्क्रिप्टने कॅनॉनिकल बदलण्याचा प्रकारही टाळावा. मूळ पानात एक आणि नंतर दुसरा असे दोन पत्ते गूगलपुढे येतात.

तयार प्रणाली वापरणाऱ्यांना यातले बरेचसे आयते मिळते. शॉपिफायमध्ये प्रकार निवडल्यावर पत्त्याला `?variant=` जोडले जाते आणि कॅनॉनिकल त्याविना असलेल्या मूळ पत्त्याकडे राहतो. वूकॉमर्समध्येही प्रकारांचे पत्ते `?attribute_` असे वाढतात आणि कॅनॉनिकल मूळ उत्पादनाचाच असतो. म्हणजे ब्लाउजच्या मापांसाठी तिथे वेगळे काही करावे लागत नाही. पण याच कारणामुळे काळ्या सहावारीला प्रकार म्हणून ठेवले, तर तिला स्वतःचे पान मिळत नाही. तिला आणि नऊवारीला वेगळे उत्पादन म्हणून नोंदवावे आणि तिन्ही पानांवरून एकमेकांकडे ठळक दुवे द्यावेत.

कॅनॉनिकल टॅग हा आदेश नसून जोरदार सूचना आहे, हे विसरू नये. गूगल इतर खुणाही पाहते. मेनूतले दुवे `?rang=hirva` असलेल्या पत्त्याकडे जात असतील आणि साइटमॅपमध्ये, म्हणजे गूगलसाठी ठेवलेल्या पत्त्यांच्या यादीत, सगळेच ९० पत्ते असतील, तर टॅग एक सांगतो आणि उरलेले संकेतस्थळ दुसरेच सांगते. मेनू, श्रेणीपाने आणि साइटमॅप यांत फक्त ते तीन पत्ते असावेत. आणखी एक सवय अंगवळणी पडलेली दिसते: कोणती पाने उघडू नयेत हे गूगलला सांगणाऱ्या `robots.txt` या फाइलमध्ये प्रकारांची पाने अडवून ठेवायची. अडवलेले पान गूगल उघडतच नाही, त्यामुळे त्यावरचा टॅगही वाचत नाही. कॅनॉनिकल आणि `noindex` एकाच पानावर लावणेही चुकीचे आहे, कारण एक खूण ‘माझे श्रेय मुख्य पानाला द्या’ म्हणते आणि दुसरी ‘मला वगळा’ म्हणते.

आता शीर्षके

सहावारीचे मुख्य पान तीन रंगांचे आणि सर्व मापांचे प्रतिनिधित्व करते, म्हणून त्याच्या शीर्षकात कोणताही एक रंग किंवा माप येता कामा नये. शीर्षकात ‘हिरवी’ लिहिले, तर जांभळी शोधणारी ग्राहक त्यावर टिचकी मारणार नाही. काळ्या पानाच्या शीर्षकात मात्र रंग आलाच पाहिजे, आणि तोही सुरुवातीला. आपल्या तीन पानांची शीर्षके अशी लिहिता येतील:

```
<title>सहावारी इरकल साडी, खणाच्या ब्लाउजसह | बेळगाव</title>
<title>नऊवारी इरकल साडी, खणाच्या ब्लाउजसह | बेळगाव</title>
<title>काळी इरकल साडी सहावारी, संक्रांतीसाठी | बेळगाव</title>
```

गावाच्या जागी किंवा त्याच्यापुढे दुकानाचे नाव यावे. शीर्षकाला अक्षरांची ठरलेली मर्यादा नाही. पडद्याच्या रुंदीत मावेल तेवढे दिसते आणि बाकीचे कापले जाते. म्हणून जो शब्द या पानाला इतर दोन पानांपासून वेगळे करतो तो आरंभी यावा आणि तिन्हींत सारखा असलेला भाग शेवटी जावा. पान मराठीत असेल, तर शीर्षकही देवनागरीतच लिहावे. ग्राहक रोमन अक्षरांत शोधतात म्हणून केवळ शीर्षक रोमनमध्ये लिहिले, तर पानाच्या मुख्य मजकुराच्या लिपीशी ते जुळत नाही आणि गूगल त्याऐवजी पानातला दुसरा मजकूर शीर्षक म्हणून दाखवू शकते.

नुसते शीर्षक वेगळे करून काळे पान वेगळे ठरत नाही, हा या साऱ्या कामातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. पानावरचा मोठा मथळा, पहिले छायाचित्र आणि वर्णन हेही काळ्या साडीचेच असावेत. काळ्यावर लाल पदर कसा दिसतो, पहिल्या धुण्यात रंग जातो का, संक्रांतीपूर्वी निपाणीला किंवा गोव्याला माल पोहोचण्यासाठी मागणी कधी नोंदवावी, असा मजकूर त्या पानाला खरोखर वेगळे करतो. सहावारीचे वर्णन जसेच्या तसे उचलून त्यात ‘काळी’ एवढाच शब्द घातला, तर कॅनॉनिकल स्वतःकडे असूनही गूगल हे पान सहावारीच्या गटात टाकू शकते.

गूगलवर विक्रीचा माल दाखवण्यासाठी मर्चंट सेंटरमध्ये तो नोंदवताना मात्र नियम उलटा आहे. तिथे ४० वस्तूंच्या ४० नोंदी असतात आणि प्रत्येकीच्या शीर्षकात तिचा रंग, लांबी आणि माप यायला हवे. मर्यादा १५० अक्षरांची आहे. एका साडीच्या सर्व नोंदींना `item_group_id` एकच द्यावा, आणि दुवा असा असावा की उघडलेल्या पानावर तोच रंग आणि तेच माप आधीच निवडलेले दिसेल. त्या दुव्याचा कॅनॉनिकल मुख्य पानाकडे असला तरी अडचण येत नाही. संकेतस्थळाचे शीर्षक आणि या नोंदीचे शीर्षक ही दोन वेगळी कामे आहेत. एकातला मजकूर उचलून दुसऱ्यात टाकू नये.

मराठी आणि कन्नड पाने

आपल्या भागातली अनेक दुकाने तीच साडी मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन पानांवर दाखवतात, आणि दुबार पानांच्या भीतीने कन्नड पानाचा कॅनॉनिकल मराठी पानाकडे लावला जातो. असे केल्यास कन्नडमध्ये शोधणाऱ्या ग्राहकाला आपले कन्नड पान सापडणे कठीण होते. पूर्ण भाषांतर केलेले पान गूगल दुबार मानत नाही. प्रत्येक भाषेच्या पानाचा कॅनॉनिकल त्याच भाषेतल्या मुख्य पानाकडे असावा आणि कोणते पान कोणत्या भाषेतले, ही जोडी `hreflang` या खुणेने सांगावी. त्यात मराठीसाठी `mr`, कन्नडसाठी `kn` आणि इंग्रजीसाठी `en` वापरावे, आणि तिन्ही पानांनी एकमेकांचा उल्लेख करावा. मात्र वरची पट्टी आणि बटणे तेवढी कन्नडमध्ये आणि साडीचे सारे वर्णन मराठीतच असेल, तर ती पाने दुबार ठरू शकतात. तिथे उपाय म्हणजे वर्णनाचे भाषांतर करणे हाच आहे.

बरोबर झाले की नाही, हे कसे ओळखावे

प्रथम हिरवी सहावारी आणि ३८ माप निवडलेले पान उघडून त्याचा मूळ कोड पाहावा आणि त्यात `canonical` हा शब्द शोधावा. तो एकदाच सापडावा आणि त्यातला पत्ता ब्राउझरमध्ये टाकल्यावर दुसरीकडे न वळता थेट उघडावा.

त्यानंतर सर्च कन्सोलच्या `URL Inspection` मध्ये तोच पत्ता तपासावा. तिथे `User-declared canonical` म्हणजे आपण सांगितलेला आणि `Google-selected canonical` म्हणजे गूगलने मानलेला पत्ता दिसतो. दुसरी माहिती गूगलने पान आधी वाचलेले असेल तरच मिळते, त्याच क्षणी केलेल्या थेट चाचणीत ती येत नाही. म्हणून टॅग बदलल्यावर लगेच निष्कर्ष काढू नये. गूगल पुन्हा फिरकेपर्यंत काही आठवडेही जाऊ शकतात.

पानांच्या अहवालात `Alternate page with proper canonical tag` या शीर्षकाखाली हिरवी, जांभळी, डाळिंबी पाने दिसू लागली, तर घाबरू नये. ती तिथेच असायला हवीत. `Duplicate without user-selected canonical` दिसले, तर कुठल्यातरी पानावर टॅग पोहोचलेलाच नाही. आणि काळे पान `Duplicate, Google chose different canonical than user` मध्ये दिसले, तर गूगलला ते सहावारीपेक्षा वेगळे वाटलेले नाही. अशा वेळी टॅग पुन्हा पुन्हा बदलत बसण्यापेक्षा पानावरचा मजकूर आणि छायाचित्रे वेगळी करावीत. ते शक्य नसेल, तर त्या रंगाचे स्वतंत्र पान सोडून देऊन तो रंग मुख्य पानात घेणे अधिक शहाणपणाचे.

संक्रांत उलटल्यावर काळ्या साडीचा साठा संपला, म्हणून तिचे पान काढू नये किंवा तात्पुरता कॅनॉनिकल सहावारीकडे फिरवू नये. पुढच्या हंगामात तेच पान पुन्हा लागणार असते आणि वर्षभरात मिळालेले दुवे त्याच पत्त्यावर जमा झालेले असतात. पानावर ‘सध्या शिल्लक नाही’ असे लिहावे आणि सहावारीचा दुवा द्यावा. विणकराने तो रंग विणणेच कायमचे थांबवले असेल, तर मात्र कॅनॉनिकलवर न भागवता त्या पत्त्यावरून सहावारीच्या मुख्य पानाकडे ३०१ प्रकारचे कायमचे वळण लावावे, आणि साइटमॅपमधून व मेनूतून तो पत्ता त्याच दिवशी काढून टाकावा.